टर्मिनल १ वरून टर्मिनल २ ला पोहोचायला किती वेळ लागतो, हे तिकिटावर छापा

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
मुंबई व नवी मुंबई विमानतळांचे व्यवस्थापन,
आणि विमान तिकिटांची विक्री करणारी सर्व संकेतस्थळे

विषय : मुंबईत कनेक्टिंग विमान पकडताना टर्मिनल किंवा विमानतळ बदलावा लागणाऱ्या प्रवाशांना खरा वेळ कळावा, याबाबत.

महोदय,

मी नागपूरची रहिवासी आहे. नागपूरहून परदेशी जायचे तर आमच्यापैकी बहुतेकांना मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते आणि तिथून पुढचे विमान पकडावे लागते. गेल्या पावसाळ्यात मी आईला घेऊन बहिणीकडे जर्मनीला निघाले, तेव्हा मुंबईत एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर जाण्यात आमचा जो वेळ गेला, त्याचा हिशेब मी त्याच रात्री विमानात बसल्यावर वहीत लिहून ठेवला. तो हिशेब आपल्यासमोर मांडावा आणि त्यावरून काही मागण्या कराव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आमचे नागपूरचे विमान मुंबईत रात्री ८:३५ ला टर्मिनल १ वर, म्हणजे सांताक्रूझच्या बाजूला उतरणार होते. पुढचे विमान रात्री १२:१० ला टर्मिनल २ वरून, म्हणजे सहारहून सुटणार होते. दोन्ही तिकिटे एकाच संकेतस्थळावर, एकाच वेळी पैसे भरून घेतली होती. पण ती दोन वेगळ्या कंपन्यांची असल्यामुळे त्यांचे पीएनआर वेगळे होते. संकेतस्थळाने दोन विमानांच्या मधला वेळ ३ तास ३५ मिनिटे दाखवला होता आणि त्याखाली फिकट अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे दोनच शब्द होते. साडेतीन तास पाहून मी निश्चिंत झाले. माझ्या जागी दुसरे कोणीही असते तरी निश्चिंत झाले असते.

पहिली चूक तिथेच होती, आणि ती केवळ माझी नव्हती. पुढचे विमान १२:१० ला सुटणार असले, तरी बॅगा स्वीकारणारा काउंटर त्याच्या एक तास आधी, ११:१० ला बंद होणार होता. म्हणजे आमच्या हातात प्रत्यक्षात २ तास ३५ मिनिटेच होती. कनेक्शनचा वेळ मोजताना विमान सुटण्याची वेळ धरायचीच नसते, काउंटर बंद होण्याची वेळ धरायची असते. ही गोष्ट विमान व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिकीट विकत घेणाऱ्याला मात्र ती कोणी सांगत नाही.

आता त्या रात्रीचा हिशेब. विमान अर्धा तास उशिरा, ९:०५ ला जागेवर येऊन उभे राहिले. पावसाळ्यात मुंबईवर विमानांना घिरट्या घालाव्या लागतात, तेव्हा अर्ध्या तासाच्या उशिराला मी उशीर म्हणणार नाही. दार उघडून, बसने टर्मिनलपर्यंत येईतो ९:१७ झाले. दोन्ही बॅगा पट्ट्यावरून हातात यायला ९:५० झाले. आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही व्हीलचेअर मागितली होती. ती ढकलणाऱ्या मुलाने अगदी आस्थेने आम्हाला टॅक्सीच्या रांगेपर्यंत आणून सोडले आणि सांगितले, ‘‘ताई, माझी हद्द इथपर्यंत. टी-टूला तुम्हाला नवीन चेअर सांगावी लागेल.’’ आई दोन बॅगांच्या मधे, एका हाताने खांब धरून उभी राहिली आणि मी टॅक्सीच्या मागे लागले. १०:१० ला टॅक्सी मिळाली. १०:४५ ला आम्ही टर्मिनल २ च्या चौथ्या मजल्यावर, प्रस्थानाच्या दाराशी उतरलो. तिथे तिकीट आणि ओळखपत्र तपासणाऱ्या सुरक्षा जवानांसमोरची रांग पार करून आत पाऊल टाकले तेव्हा अकरा वाजले होते. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटे उरली होती आणि आमच्या पुढे सहा जण होते. काउंटरवरच्या बाईंनी आमचे विमान विचारून आम्हाला रांगेतून पुढे घेतले, म्हणून बॅगा गेल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण कोणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून असलेल्या वेळाला नियोजन म्हणता येत नाही.

सगळी मिनिटे मिळवली तर २ तास २५ मिनिटे होतात. त्यात एकही मिनिट आम्ही चहापाण्यात घालवलेले नाही, आणि कुठेही काही मोठे बिघडलेले नाही. रस्त्यावर अपघात नव्हता, बॅग हरवली नव्हती, धो-धो पाऊसही नव्हता. म्हणजे ही साधारण रात्र होती. साधारण रात्री जे कनेक्शन दहा मिनिटांनी वाचते, ते पावसाच्या रात्री वाचणार नाही, हे उघड आहे.

मुंबईबाहेरच्या वाचकांना वाटेल, की एकाच विमानतळाची दोन टर्मिनले, मग पस्तीस मिनिटे रस्त्यात कशी गेली? दोन्ही टर्मिनले एकाच धावपट्ट्या वापरतात. पण त्यांच्या मधे विमानतळाचा आतला भाग आहे, आणि प्रवाशाला तिथून जाता येत नाही. टर्मिनल १ मधून बाहेर पडून पश्चिम द्रुतगती महामार्गावर यावे लागते आणि तिथून सहार उन्नत मार्गाने टर्मिनल २ गाठावे लागते. हे अंतर सुमारे पाच किलोमीटर आहे. उन्नत मार्गावर सिग्नल नाही, तो भाग झटकन सरतो. वेळ जातो तो महामार्गावर चढेपर्यंत विलेपार्ल्याच्या गर्दीत आणि नंतर टर्मिनल २ च्या दारापुढे गाड्या एकीमागे एक उभ्या राहतात तेव्हा. रात्री दहा ते एक हा आंतरराष्ट्रीय विमानांच्या प्रवाशांचा येण्याचा वेळ. नेमक्या त्याच वेळी एकेका प्रवाशाला सोडायला कुटुंबेच्या कुटुंबे आलेली असतात.

मेट्रो ३ सुरू झाल्याने यात मोठा फरक पडला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून दोन्ही टर्मिनलांना आपापले भुयारी स्थानक मिळाले आहे आणि दोहोंच्या मधे सहार रोड हे एकच स्थानक आहे. हातात एक पिशवी आणि पाठीवर सॅक असलेल्या तरुण प्रवाशाने टॅक्सीच्या फंदात पडूच नये, असे मी स्वतः आता सगळ्यांना सांगते. पण दोन अडचणी राहतात. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी जाते, आणि मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे ज्या तासांत बदलीचे प्रवासी सर्वांत जास्त, त्या तासांत मेट्रो बंद. दुसरी अडचण तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांची आणि म्हाताऱ्या माणसांची. टर्मिनलच्या दारापासून भुयारातल्या फलाटापर्यंत आणि पुन्हा फलाटापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळे सामान आपले आपण न्यायचे असते. त्या रात्री मी मेट्रोचा विचार केला होता. आईकडे पाहिले आणि सोडून दिला.

पुढचे तिकीट असलेल्या प्रवाशांसाठी दोन टर्मिनलांमध्ये विमानतळाची बसही असते. तिच्याबद्दल मला पट्ट्याशेजारी, दारात किंवा बाहेरच्या फलकांवर काहीही ठळकपणे लिहिलेले दिसले नाही. ती आहे, हे मला परत आल्यावर कळले. जी सोय दमलेल्या, घाईतल्या माणसाला विचारल्याशिवाय सापडत नाही, ती त्याच्यापुरती नसल्यासारखीच असते.

आता मुळाशी जाऊ. विमान व्यवसायात प्रत्येक विमानतळासाठी ‘मिनिमम कनेक्टिंग टाइम’ ठरवलेला असतो. देशातल्या विमानातून देशातल्या विमानात, देशातल्यातून परदेशी, परदेशीतून देशातल्या, आणि एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर, असे त्याचे वेगवेगळे आकडे असतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर आरक्षणाची यंत्रणा त्यापेक्षा कमी वेळाचे कनेक्शन विकूच देत नाही. आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले, तर कंपनीला पुढची सोय करावी लागते. बॅगही बहुधा शेवटच्या गावापर्यंतची चिठ्ठी लावून जाते. पण तिकिटे दोन झाली, की यातले काहीच लागू राहत नाही. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास मुंबईत संपला. दुसरीच्या दृष्टीने तुम्ही सांताक्रूझला अडकलेले प्रवासी नसून वेळेवर न आलेले प्रवासी आहात, आणि तिकिटाचे पैसे बुडाले. मधल्या अडीच तासांचा वाली कोणीच नाही. संकेतस्थळाने दोन तिकिटे शेजारी-शेजारी मांडून, एकच बेरीज दाखवून, एकाच बटणावर विकलेली असली, तरी नाही.

उलट बाजूचा प्रवास तर अधिक फसवा आहे. परदेशातून येऊन पुढे नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्याला मुंबईत इमिग्रेशन करावे लागते, बॅगा ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर पडावे लागते, आणि पुढचे विमान टर्मिनल १ चे असेल तर त्या सगळ्या बॅगा घेऊन पुन्हा रस्त्यावर यावे लागते. तेच विमान टर्मिनल २ चे असेल, तर लिफ्टने वर जाऊन बॅगा द्यायच्या, एवढेच काम उरते. दोन्ही तिकिटांवर गाव एकच आणि अंतर तेच. पण त्यात सहज तासाभराचा फरक पडतो. नागपूर–मुंबई मार्गावरच्या काही फेऱ्या टर्मिनल १ ला येतात आणि काही टर्मिनल २ ला. आमच्या तिकिटाच्या जवळपासच्या वेळेची टर्मिनल २ ला उतरणारी फेरी दोघींची मिळून सोळाशे रुपयांनी महाग होती, म्हणून मी ती सोडली. त्या सोळाशे रुपयांत टॅक्सीची रांग, रस्ता आणि दुसरी व्हीलचेअर वाचणार होती, हे तिकीट घेताना कोणी दाखवले असते, तर मी क्षणभरही विचार केला नसता.

आणि आता हे सगळे मोठ्या मापावर होणार आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने सुरू झाली. पडद्यावर सहार-सांताक्रूझचे संक्षिप्त नाव BOM आणि नवी मुंबईचे NMI असे दिसते. पण शोधताना ‘मुंबई’ एवढेच टाकले, तर दोन्हीकडची विमाने एकाच यादीत येऊ शकतात. मी माझाच हिशेब पुन्हा मांडून पाहते. आमचे नागपूरचे विमान सांताक्रूझऐवजी उलव्याला, म्हणजे नवी मुंबई विमानतळावर उतरले असते, तर उशीर, दार, बॅगा आणि टॅक्सी यांची मिनिटे तीच धरू. रस्ता मात्र पाच किलोमीटरचा न राहता पस्तीस-चाळीस किलोमीटरचा होतो : बेलापूर, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, आणि तिथून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने किंवा घाटकोपरवरून अंधेरी. अटल सेतू दक्षिण मुंबईला जाणाऱ्यासाठी उत्तम आहे. सहारला जाणाऱ्याला तो शिवडीला नेऊन सोडतो आणि तिथून पुन्हा उत्तरेकडे यावे लागते, शिवाय मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पथकर. संध्याकाळच्या वेळी या रस्त्याला मी १०० मिनिटे धरते आणि नवी मुंबईतले माझे नातेवाईक म्हणतात की मी कमीच धरली आहेत. तरीही बेरीज ३ तास ३० मिनिटे होते. त्यात काउंटरचा एक तास मिळवला, की साडेचार तास. आणि हे सगळे सुरळीत झाले तर. माझ्या मते दोन विमानतळांमधले कनेक्शन सहा तासांपेक्षा कमी वेळाचे असेल, तर ते विकताना प्रवाशाला थांबवून इशारा दिला पाहिजे.

दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ नियोजनात आहे आणि ती होईल तेव्हा चित्र पालटेल. पण प्रवासी आजही प्रवास करत आहेत. टोकियोत हानेदा आणि नारिता यांच्यामध्ये थेट रेल्वेगाड्या आणि बस धावतात, लंडनमध्ये हीथ्रो आणि गॅटविक यांच्यामध्ये ठरलेल्या वेळापत्रकाची बस आहे. तिथेही रस्ते तुंबतात, तिथेही विमाने चुकतात. पण निघण्याची वेळ आणि पोहोचण्याची अपेक्षित वेळ प्रवाशाला तिकीट काढण्याआधी वाचता येते. शेजारच्या गोव्यात २०२३ पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ चालू आहेत, आणि GOI की GOX हे नीट न पाहिल्यामुळे भलत्याच टोकाला जाऊन पोहोचलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत. मुंबईत विमाने बदलणारे लोक गोव्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, म्हणून इथली गफलत अधिक महागात पडेल.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

महासंचालनालयाने तिकीट विकणाऱ्या प्रत्येकाला हे बंधनकारक करावे, की दोन स्वतंत्र तिकिटे एकत्र दाखवायची असतील, तर मधल्या वेळेच्या जागी पुढच्या विमानाचा काउंटर बंद होईपर्यंतचा वेळ लिहावा, आणि टर्मिनल किंवा विमानतळ बदलत असेल तर ते किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहावे. ‘सेल्फ ट्रान्सफर’ या दोन शब्दांतून माझ्या आईला काहीही बोध होत नाही. ‘तुम्हाला बॅगा घेऊन टर्मिनल १ मधून बाहेर पडून पाच किलोमीटरवरच्या टर्मिनल २ ला स्वतःच्या खर्चाने जायचे आहे’ यातून होतो.

तिकीट विकल्यानंतर टर्मिनल बदलले, तर तो वेळापत्रकातला बदल मानावा. आज विमानाची वेळ बरीच बदलली, तर प्रवाशाला फुकट दुसरे विमान किंवा पैसे परत मिळू शकतात. टर्मिनल २ चे विमान टर्मिनल १ वर नेले, तर बहुतेक वेळा फक्त एक संदेश येतो. ज्याचा प्रवास मुंबईतच संपतो त्याला त्याने फरक पडत नाही. ज्याला पुढे जायचे आहे, त्याच्या हातातला तास त्या संदेशाने काढून घेतलेला असतो. टर्मिनल १ पाडून नव्याने बांधण्याची योजना जाहीर झालेली आहे. त्या काळात विमाने इकडून तिकडे हलवली जाणार, हे ठरलेलेच आहे. म्हणून हा नियम त्या आधी यावा.

विमानतळांच्या व्यवस्थापनाला माझी विनंती अशी, की टर्मिनलांमधली बस रात्रभर, ठरलेल्या वेळी सोडावी, तिचा थांबा बॅगांच्या पट्ट्यापासून दिसेल अशा खुणांनी दाखवावा, आणि व्हीलचेअरची मदत एका टर्मिनलच्या दारात संपवू नये. ज्या माणसाने सांताक्रूझला खुर्ची मागितली, त्याला सहारच्या बसथांब्यावर खुर्ची तयार मिळावी; त्यासाठी एका टर्मिनलवरून दुसऱ्याला एक निरोप पुरेसा आहे. मुंबई आणि नवी मुंबई या दोन्ही विमानतळांचे संचालन एकाच उद्योगसमूहाकडे आहे, त्यामुळे दोन विमानतळांमध्ये अशीच बस चालवताना हद्दीचा प्रश्न आड येऊ नये.

शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा वेळ मोजा आणि दर महिन्याला प्रसिद्ध करा. टर्मिनल १ च्या दारातून निघालेला प्रवासी टर्मिनल २ च्या आत किती मिनिटांत पोहोचतो, हे सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे वेगवेगळे सांगा. त्यात सरासरी देऊ नका. सरासरी पस्तीस मिनिटे आहे, असे कळून उपयोग नाही, कारण त्यापेक्षा जास्त वेळ लागलेल्यांचीच विमाने चुकतात. दहापैकी नऊ प्रवासी किती मिनिटांत पोहोचले, हा आकडा द्या. तो पंचावन्न असेल तर पंचावन्न छापा. आम्ही त्याप्रमाणे तिकीट काढू. उलवे ते सहार या रस्त्याचाही असाच आकडा द्या, आणि जून ते सप्टेंबरचा वेगळा द्या.

माझी आई अजून बहिणीकडेच आहे. परतीचे तिकीट आम्ही या वेळी मुद्दाम एकाच पीएनआरवर घेतले आहे. त्यावर मुंबईला येण्याचे टर्मिनल २ असे छापलेले आहे. मुंबईहून नागपूरला निघण्याच्या टर्मिनलची जागा मात्र अजून कोरी आहे, आणि ती एकटी येणार आहे.

आपली विश्वासू,
एक प्रवासी, नागपूर